नोटरीचं खरेदीखत आणि सातबारा

> वडिलांनी १९९८ ला तासगावजवळ २० गुंठे घेतले, शंभरच्या स्टँपवर नोटरी केली. आता दंड भरून नावावर होईल का?

नाही होणार. दंडाने फक्त मुद्रांकाची उणीव भरते, नोंदणीची नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीची मालकी नोंदणीकृत खतानेच जाते. नोटरी फक्त सही कुणाची ते सांगतो. खत दुय्यम निबंधकाकडे सहीपासून चार महिन्यांत न्यायचं असतं, दंडासह आणखी चार. ती मुदत कधीच गेली.

आमच्या चुलत्यांचंही असंच झालेलं. विकणारा वारला, सातबारावर त्याची मुलं लागली. शेवटी त्यांच्याकडूनच नवं खत करून घेतलं, मुद्रांक आजच्या बाजारभावाने. तुमच्या विकणाऱ्याचे वारस तयार असतील तर तेच करा. नसतील तर जुना कागद कराराचा पुरावा म्हणून दाव्यात चालू शकतो, पण दावा लावायची मुदत आधी वकिलाकडून तपासा.