किलोभर गरम मसाल्याचं वजनी प्रमाण
> "भाग मोजून घेतले तरी मसाला किलोला कमी का भरतो?"

भाजताना ओल उडते म्हणून. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत धणे-जिरे ओल धरून असतात, त्यामुळे कच्च्या वजनावर भाग धरूच नयेत.

माझे भाग असे: धणे १०, जिरे ३, मिरी २, बडीशेप २, दालचिनी, लवंग, वेलची प्रत्येकी १. एकूण २०, म्हणजे किलोला एक भाग ५० ग्रॅम. धणे ५००, जिरे १५०, लवंग ५०. प्रत्येक जिन्नस थोडा जास्त आणून वेगवेगळा भाजायचा (लवंग नुसती गरम करायची, करपली की सगळा मसाला कडू), पूर्ण गार करायचा आणि मगच तोलायचा. डंकावर थोडं चिकटून राहतं, तेवढी घट धरा.