होम मैदानावर रोज भेटणारी माणसं दोस्त कशी होतात, की होऊच नयेत?

नवीन बदलीवाला (प्रश्न):
मी मूळ नाशिकचा, वय ३४, नोकरीसाठी सोलापुरात येऊन दोन वर्षं झाली. गेले आठ महिने पहाटे पावणेसहाला होम मैदानावर सहा-सात जणांबरोबर चालतो, आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास. हसणं-बोलणं मस्त होतं, व्हॉट्सअॅप ग्रुपपण आहे, पण साडेसहाला सगळे आपापल्या गाडीवर आणि रविवारी मी एकटा. यातलं कोणी खरा मित्र व्हावा असं वाटतं. काय करावं? की जसं आहे तसंच बरं?

अशोक चौक जिम:
काही करू नको भावा, फक्त जात राहा. याच्यावर रिसर्च झालेला आहे, ५० तास एकत्र घालवले की ओळखीचा माणूस साधा मित्र होतो आणि २०० तास झाले की जिगरी. तू रोज जातोयस म्हणजे तास आपोआप भरतायत. आमच्या जिममध्ये असंच झालं, वर्षभर एकाच टायमाला येणारे आम्ही चौघं आता सख्ख्या भावासारखे आहोत. टाईम दे, होईल.

कुर्डुवाडी लाईन:
मैदानापेक्षा तळ्याच्या बाजूला चाला, हवा चांगली आहे. आणि डांबरावर चालताना गुडघे सांभाळा. मी दोन वर्षं डांबरावर चाललो, आता पट्टा लावून चालतो. बूट चांगले घ्या.

जुना पेठकर:
गुडघ्याचं खरंय दादा, पण त्यांनी वेगळं विचारलंय. जिमवाल्या भावाने अर्धं बरोबर सांगितलं. तो अभ्यास कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा, २०१८ चा. नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि कॉलेजात नवीन आलेली पोरं घेऊन केलेला, म्हणजे तुमच्यासारखीच माणसं. साधारण ५० तासांत साधी मैत्री, ९० च्या आसपास मित्र आणि २०० च्या पुढे जवळचा मित्र, हे आकडे त्यातलेच. पण आता तुमचाच हिशोब मांडा. पाऊण तास गुणिले पाच म्हणजे आठवड्याला पावणेचार तास, आठ महिन्यांचे झाले सुमारे १३० तास. नुसत्या तासांनी मैत्री होत असती तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता. त्याच अभ्यासात आणखी एक सापडलं होतं, ते लोक सांगत नाहीत. हवापाण्याच्या, इकडच्या तिकडच्या गप्पा कितीही मारल्या तरी जवळीक वाढत नाही. वाढते ती मागच्या वेळचं राहिलेलं विचारल्याने, चेष्टामस्करीने, मनातलं बोलल्याने आणि मुख्य म्हणजे मोकळा वेळ आपणहून एकत्र घालवल्याने. एकाच ऑफिसात बसून काढलेले तास फारसे मोजले जात नाहीत. आपलं चालणं दोन्हीच्या मध्ये कुठंतरी येतं, माणूस व्यायामाला आलेला असतो, तुमच्यासाठी नाही.

मी १९ वर्षं याच मैदानावर चालतोय, माझी चूक सांगतो. एक अण्णा होते, यंत्रमागाचा कारखाना होता त्यांचा. सात वर्षं बरोबर चाललो. सुताचा भाव, पाणी किती दिवसांनी आलं, उन्हाळा, बस्स. मग जानेवारीत गड्ड्याची जत्रा आली. गड्ड्यात मैदान पाळणे आणि दुकानांनी भरून जातं, आपला ग्रुप फुटतो, कोणी तळ्याकडे जातं, कोणी घरीच बसतं. तीनेक आठवडे मी फोन केला नाही, त्यांनीही नाही. मैदान मोकळं झाल्यावर कळलं की अण्णांचं बायपास झालं. घर कुठं ते मला माहीत नव्हतं. विचारत विचारत गेलो तेव्हा त्यांच्या मुलीने फोन दाखवला, माझा नंबर त्यात ‘मैदान पावणेसहा’ असा सेव्ह होता. ती म्हणाली, काका, बाबांच्या माणसांना कळवायला बसले होते पण हे कोण ते कळेना, म्हणून सोडून दिलं. माझ्याकडे त्यांचं नाव काय होतं तर ‘वॉकिंग अण्णा’.

त्यानंतर मी जे शिकलो ते असं. ग्रुपला मित्र करता येत नाही, एका माणसाला करता येतं. ज्याची चाल तुमच्या चालीला जुळते आणि जो काल तुम्ही बोललेलं आज आठवणीने विचारतो, तो बघा. सहामध्ये असा एखादाच असतो. पहिले दोन-तीन आठवडे फक्त चालणं संपल्यावर त्याच्याबरोबर पंधरा मिनिटं हाफ चहा. टपरीवर उभं राहून, बसकण मारून नाही, म्हणजे त्यालाही निघायची मोकळीक राहते. मग वेगळा दिवस, वेगळी जागा, पण काहीतरी काम घेऊन. ‘कधीतरी भेटू’ म्हटलं की ते कधीच येत नाही. ‘शनिवारी संध्याकाळी सहाला चाटी गल्लीत चादरी घ्यायला जातोय, मला यातलं कळत नाही, येता का तासभर?’ असं म्हणा. याच्यात दिवस आहे, वेळ आहे, संपणार कधी ते आहे आणि तुम्ही त्याच्याकडे छोटी मदत मागताय. सोलापूरच्या माणसाला चादर निवडून द्यायला सांगा, तो हातातलं काम सोडून येईल.

बाळे:
काका तुमचा अनुभव मनाला लागला पण मी उलट सांगणार. जसं आहे तसं राहू द्या. मी पण असंच एकाला चालण्यातून घरापर्यंत आणला. चार महिन्यात भिशी, सहाव्या महिन्यात पॉलिसी, आणि मग वीस हजार उसने. पैसे गेले ते गेले, मला सकाळची जागा सोडावी लागली, कारण रोज तोंड कसं बघायचं. ही जी सकाळची ओळख असते ना तिचं सुख याच्यातच आहे की तिथं कोणी पगार विचारत नाही, जात विचारत नाही, लग्न का मोडलं विचारत नाही. माझं घरी कोणाला न सांगितलेलं मी मैदानावरच्या एका माणसाला सांगितलंय, का तर तो माझ्या घरच्या कोणालाच ओळखत नाही. उद्या तो घरी यायला लागला की ते दार बंद झालं. प्रत्येक ओळखीचा मित्र करायलाच पाहिजे असं कोणी सांगितलंय?

अशोक चौक जिम:
बाळे भाऊ, एका माणसाने फसवलं म्हणून सगळ्यांना तसंच समजायचं का? आणि काका, आता आठवून बघितलं तर आमच्यातपण नुसता टाईम नव्हता. मी बेंच मारताना एकाला म्हटलं, शेवटच्या दोन रेपला सपोर्ट दे. तिथनं सुरू झालं. सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं बसतो तेव्हा तो कानातले इअरफोन काढायला लागला, मग मी पण. मग त्याच्या बहिणीच्या लग्नात आम्ही वाढायला होतो. म्हणजे मदत मागितली होती खरं.

नवी पेठ माहेर:
तुम्ही सगळे टपरीवरच्या चहाचं बोलताय, आम्ही बायका सकाळी साडेसहाला टपरीवर उभ्या राहून चहा कुठं पिणार? आणि डबे, नळाला पाणी, शाळेची रिक्षा. आमचा पाच जणींचा ग्रुप, तीन वर्षं नुसतं ‘झालं का काम’ एवढंच. बदललं ते एका गोष्टीने. मला सोनोग्राफीला जायचं होतं, मिस्टर बाहेरगावी, सासूबाईंना सांगायचं नव्हतं. चालताना एकीला हळूच विचारलं, येशील का ओ. ती काही न विचारता आली, दोन तास बाकावर बसली माझ्याबरोबर, पिशवीत घरनं पाण्याची बाटली आणि शेंगापोळी घेऊन. रिपोर्ट चांगला निघाला. पण मला वाटतं रिपोर्टपेक्षा ते दोन तास मोठे होते. आता आम्ही एकमेकींच्या घरात किल्ली ठेवतो. एवढी मोठी मदत आधी मागावी असं म्हणत नाही मी, माझी वेळ तशी आली म्हणून मागितली.

नवीन बदलीवाला:
काका, एकजण आहे तसा, रेल्वेत आहे. पण मी आधी ग्रुपवर टाकलं होतं ‘रविवारी सगळे हुरडा खायला जाऊया का’, तर दोन अंगठे आले आणि पुढं काहीच नाही. त्यामुळे आता विचारायला जड जातं, वाटतं त्यांना मी नको आहे.

जुना पेठकर:
दोन अंगठे म्हणजे नकार नाही हो. सहा जणांना एकदम विचारलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा ठरवेल. त्यात हुरड्याला गाडी, घरच्यांची परवानगी, पूर्ण रविवार. मागणी मोठी झाली. आणि त्यांना मी नको आहे असं जे वाटतं ना, त्याच्यावरही २०१८ मध्येच दुसरा एक अभ्यास आला होता. अनोळखी माणसं बोलून उठली की प्रत्येकाला वाटतं समोरच्याला मी फारसा आवडलो नसेन, प्रत्यक्षात समोरच्याला तो त्याहून जास्त आवडलेला असतो. दोघंही तसंच समजून घरी जातात.

त्या रेल्वेवाल्यांना एकट्याला विचारा, तोंडी, चालताना. ते नाही म्हणाले तर पुढचा शब्द ऐका. ‘शनिवारी ड्युटी आहे, सोमवारी चालेल का’ म्हणजे होकारच समजा. नुसतं ‘बघू’ आलं तर महिन्याने एकदा परत विचारा, तेव्हाही ‘बघू’ आलं तर सोडून द्या आणि चालणं पहिल्यासारखंच चालू ठेवा, तोंड पाडू नका. दोन-तीनदा तुम्हीच बोलावलं की मग थोडं थांबा. त्यांच्याकडून एकदा तरी यायला पाहिजे. घरी जेवायला मात्र इतक्यात बोलवू नका. आपल्याकडे जेवायला बोलावलं की समोरच्या घराला परत बोलवावं लागतं, त्यांच्या बायकोवर काम पडतं, आणि तिने तुम्हाला अजून बघितलेलंही नाही.

बाळे भाऊ, तुमचं मी खोडत नाही. पैशाचा विषय पहिलं वर्षभर काढायचाच नाही, भिशीसुद्धा नाही, हे मी पाळतो. पण मनातलं सांगायला अनोळखी माणूस लागतो हे तुमचं खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. अण्णा बरे झाल्यावर आम्ही जवळ आलो, पण आधी ते माझ्याशी मुलाच्या कर्जाबद्दल बोलायचे ते नंतर बंद झालं, कारण मुलगा मला काका म्हणायला लागला होता.

बाळे:
हेच तर म्हणतोय की मी काका. काहीतरी मिळतं, काहीतरी जातं. ज्याला रविवार खायला उठतो त्याने करावं, मला माझी सकाळ तशीच हवी.

नवी पेठ माहेर:
पण भाऊ, उद्या तुम्ही आठ दिवस आला नाहीत तर तो माणूस तुम्हाला शोधणार कुठं?

बाळे:
ताई, हे मी विचार केला नव्हता. निदान नंबर तरी देतो त्याला. घर नाही.

नवीन बदलीवाला:
आज विचारलं. चाटी गल्लीचं म्हटलं तर ते म्हणाले चादरी तिथं नका घेऊ, कारखान्यातनं घेऊ, माझ्या मेव्हण्याचा माग आहे, पण या शनिवारी नाईट आहे, पुढच्या बघू. आता हे ‘बघू’ कुठलं समजायचं काका?

जुना पेठकर:
मेव्हणा काढलाय म्हणजे चांगलं आहे. गुरुवारी चालताना वेळ विचारा. आणि त्यांचा नंबर कुठल्या नावाने सेव्ह केलाय ते आजच बघा.