मदत हवी आहे: ज्येष्ठांना मेडिक्लेम समजावून सांगायचाय, तासाभरात काय सांगावं?

सचिव_कोथरूड
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी जुनी. बऱ्याच घरांत सत्तरीपुढचे दोघंच राहतात, मुलं बाहेरगावी. मध्यंतरी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पॉलिसी 5 लाखांची, बिल अडीच लाखांचं, तरी घरी सोडताना 93,750 रुपये भरायला लावले. काकांनी एफडी मोडली. कारण विचारलं तर कागदावर एकच ओळ: 'प्रपोर्शनेट डिडक्शन, रूम रेंट'. काका विचारतात, "पाच लाखांचा विमा असताना अडीच लाखही का मिळू नयेत?"

येत्या रविवारी हॉलमध्ये व्याख्यान ठेवलंय. एक एजंट फुकट यायला तयार होते, पण मला तिथे पॉलिसी विकायला नकोय. विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या टीपीएत काम केलेल्या एक ताई येणार आहेत. त्यांना कशावर बोलायला सांगू? आणि काकूंची कपात बरोबर आहे का?

अनुभवी_पॉलिसीधारक
कपात बरोबरच असणार. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 असेल. खोली 8,000 ची घेतली असेल, तर आठातले पाच भागच मिळतात, आणि तेही सगळ्या बिलावर. अडीच लाखांचे 1,56,250 होतात. हिशोब जुळतो बघा.

क्लेम_टेबल
हिशोब जुळतो, म्हणूनच शंका येते. सगळं बिल असं कापता येत नाही. विमा नियामकाने 2020 पासून औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या यांना या कपातीतून वगळलंय. आयसीयूच्या खर्चालाही ती लागत नाही. खोलीच्या दर्जाप्रमाणे ज्या हॉस्पिटलात दर बदलत नाहीत, तिथे तर ही कपात करताच येत नाही.

सचिव, बिलाची फोड टाका.

सचिव_कोथरूड
खोली 8,000 ची, पाच दिवस, म्हणजे 40,000. सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटर मिळून 1,20,000. कृत्रिम सांधा, औषधं, तपासण्या 90,000. मर्यादा 5,000 चीच आहे.

क्लेम_टेबल
मग खोलीचे 25,000 आणि सर्जन-थिएटरचे 75,000. उरलेल्या 90,000 ला हात लावायचा नाही. एकूण 1,90,000 मिळायला हवेत. म्हणजे 33,750 जास्त कापलेत. काकांनी बिलाच्या फोडीसह कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. पुण्यातही कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. मात्र पॉलिसीत को-पे, म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा आपणच भरायची अट, असेल तर रक्कम आणखी कमी होईल, ते आधी बघा.

ताईंना म्हणावं, बाकी सगळं राहू द्या, हे एकच बिल फळ्यावर सोडवा. आणि प्रत्येकाने स्वतःची पॉलिसी घेऊन यावं. खोलीभाडं आणि को-पे या दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून घ्या. ॲडमिट होताना काउंटरवर "कोणती रूम देऊ?" असं विचारतात, तेव्हा घाबरलेला माणूस "चांगली द्या" म्हणतो आणि पुढचं सगळं तिथेच ठरतं.

नाशिककर
सोसायटीची ग्रुप पॉलिसी काढताय का? हप्ता किती बसेल? आणि बाबा 74 वर्षांचे आहेत, माझ्या ऑफिसच्या विम्यात आहेत. त्यांना आयुष्मानचं कार्ड मिळेल का?

क्लेम_टेबल
ग्रुप पॉलिसीचा विषयच नाही इथे. कार्ड मिळेल. वय 70 पूर्ण असेल तर उत्पन्नाची अट नाही, खासगी विमा असला तरी चालतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस योजना असेल तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. आधार लागेल. हॉस्पिटल योजनेत आहे का, ते आधी विचारा.

सचिव_कोथरूड
काल व्याख्यान झालं. ताईंनी काकूंचंच बिल, त्यांना विचारून, फळ्यावर मांडलं. एरवी सभेत डुलक्या घेणारे आजोबा भिंग घेऊन स्वतःच्या पॉलिसीत 'रूम रेंट' शोधत होते. चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या पॉलिसीत मर्यादाच नाही, पण 20 टक्के को-पे आहे. बिल दोन लाखांचं झालं तर 40,000 घरातून जाणार, हे त्यांना काल पहिल्यांदा कळलं. त्यांनी लगेच मुलाला फोन लावला.

काकूंना को-पे नाही, बघितलं. काकांनी तक्रार अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे ठेवलीय. अजून उत्तर नाही.

एक प्रश्न राहिला. हॉस्पिटलात खोलीप्रमाणे सर्जनचे दर बदलतात की नाही, हे लेखी कसं मिळवायचं? काउंटरवर कुणी धड सांगत नाही.

अनुभवी_पॉलिसीधारक
औषधं-इम्प्लांट वगळतात हे मलाही नवीन. दरपत्रक मागून बघा, भरतीआधी मागितलं तर देतात. निदान आमच्याकडे दिलं होतं.

क्लेम_टेबल
सगळीकडे देतीलच असं नाही. ईमेलवर मागा, म्हणजे नकारसुद्धा लेखी राहतो.