मदत हवी आहे: फोटो न बघताच उत्तर दिलंय का, हे ओळखायचं कसं?

औसा शिवार:
तातडीनं सांगा. सोयाबीन पिवळं पडायलंय. एका सल्ला देणाऱ्या कंपनीच्या ॲपवर काल फोटो टाकून विचारलं. हंगामाचे पैसे भरलेत. उत्तर लगेच आलं. पण आता माझा प्रश्न उघडून बघितला तर फोटोच्या जागी नुसता करडा चौकोन दिसायलाय. फोटो त्यांच्याकडं गेला का नाही हेच कळंना. फोन केला तर म्हणले, "फोटो दिसल्याशिवाय आमचे तज्ज्ञ उत्तरच देत नाहीत." औषध आणायला माणूस लातूरला निघायलाय. हे उत्तर बघून दिलंय का ठोकून दिलंय, एवढंच सांगा.

मोसंबीवाला जालना:
भाऊ, उत्तरात "फोटोत दिसत आहे" असं लिहिलंय का? लिहिलं असंल तर बघितलाच असणार. न बघता असं कोण लिहील? करडा चौकोन नेटवर्कमुळं येतो. माझ्याकडं पण येतो, पण नंतर उघडतो. निर्धास्त राहा.

कापूसवाला गेवराई:
पिवळं म्हणजे पांढरी माशी. पिवळे चिकट सापळे लावा आणि 5 टक्के निंबोळी अर्क मारा. मी दरसाल मारतो. माझ्या कपाशीची पानं मात्र औंदा लाल पडायलीत, त्यावर कुणी सांगंल का?

परभणीची ताई:
दादा, उत्तर इथं जसंच्या तसं टाका. एक शब्दही बदलू नका. ॲपवर तुम्ही स्वतः काय लिहिलं होतं तेही टाका. फोटोत नेमकं काय होतं? पीक किती दिवसांचं आहे? हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

औसा शिवार:
ताई, मी लिहिलं होतं: "सोयाबीन पिवळे पडले आहे, पानांवर चट्टे आहेत, फोटो जोडला आहे, उपाय सांगा."

त्यांचं उत्तर: "नमस्कार शेतकरी बंधू. आपण पाठवलेल्या फोटोत सोयाबीनच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे स्पष्ट दिसत आहेत. पानांच्या खालील बाजूस पांढरी माशी आढळून येते. झाडांची वाढ खुंटून शेंगा कमी लागतात. हा पिवळा मोझॅक रोग आहे. रोगग्रस्त झाडे उपटून नष्ट करावीत, पिवळे चिकट सापळे लावावेत व शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी करावी."

पीक 25 दिवसांचं हाय. फोटो एकाच पानाचा, तळहातावर धरलेल्या, वरून काढलेला. शेजारी काडीपेटी ठेवली होती, आकार कळावा म्हणून. आता सांगा लवकर.

परभणीची ताई:
औषध आणायला माणूस पाठवू नका, एक दिवस थांबा. मी काही वर्षं असेच शेतकऱ्यांचे फोटो बघून उत्तरं द्यायचं काम केलंय, त्यामुळं ही भाषा ओळखीची आहे.

आधी त्या उत्तरातून तुमचेच शब्द बाजूला काढा. "सोयाबीन", "पिवळे", "चट्टे", "फोटो" हे सगळं तुम्ही लिहिलेलं होतं. मग फोटोतूनच कळू शकेल असं काय उरलं? तळहात नाही. काडीपेटी नाही. पान एकच होतं, ते "पानांवर" म्हणतात. ज्यानं फोटो बघितलाय त्याच्या लिहिण्यात तुम्ही न सांगितलेली एखादी तरी गोष्ट येते. "हे शेंड्याचं पान दिसतंय" किंवा "फोटो उन्हात काढलाय, रंग नीट कळत नाही" असं काहीतरी. इथं तसं एकही वाक्य नाही.

आता पांढरी माशी बघा. ती पानाच्या मागं बसते आणि तुमचा फोटो वरून काढलेला. खालची बाजू त्यात दिसणारच नाही, मग माशी "आढळून" कुठून आली? तसंच शेंगांचं. 25 दिवसांच्या सोयाबीनला अजून फूल नाही. "शेंगा कमी लागतात" हे मोझॅक रोगाच्या माहितीपत्रकातलं वाक्य आहे, तुमच्या रानातलं नाही. एका पानाच्या फोटोवरून झाडाची वाढ खुंटली का नाही हेही कुणाला सांगता येत नाही. फोटोत मावणारच नाही ती माहिती ठामपणे सांगितलेली असली की मला शंका येते.

मोसंबीवाला जालना:
ताई, तुम्ही फार ताणताय. तज्ज्ञाकडं दिवसाला ढीगभर फोटो येतात. तो बघतो, रोग ओळखतो आणि तयार मजकूर चिकटवतो. मजकूर छापील असला म्हणून फोटो बघितला नाही असं कसं म्हणता?

परभणीची ताई:
हे तुमचं बरोबर आहे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. आम्हीही तयार मजकूर चिकटवायचो. उत्तर छापील असणं हा पुरावा होत नाही. उलट नुसतं "लोहाची कमतरता आहे" एवढं तीन शब्दांचं उत्तर पूर्ण फोटो बघून दिलेलं असू शकतं. पण छापील मजकुराच्या आधी "फोटोत स्पष्ट दिसत आहे" असं लिहायचं आणि पुढं फोटोत नसलेलं सांगायचं, तिथं मी थांबते.

दादा, एक सांगा. पानावर खरंच चट्टे होते का? शिरांचा रंग कसा होता?

औसा शिवार:
आता जाऊन बघितलं. चट्टे असे नाहीत. शेंड्याची कवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्याच. जाळीवाणी दिसायलीत. खालची जुनी पानं हिरवी हायत. मी चट्टे म्हणून सहज लिहिलं होतं, पिवळं ते पिवळं. मागच्या आठवड्यात पाणी साचलं होतं रानात. रान चुनखडीचं हाय.

परभणीची ताई:
मला जे हवं होतं ते हेच. "चट्टे" हा शब्द तुमच्या लिहिण्यात होता, पानावर नव्हता. फोटो समोर असता तर तज्ज्ञ तुम्हाला म्हणाला असता, "दादा, चट्टे नाहीत, शिरांच्या मधला भाग पिवळा झालाय." त्यांनी तुमचा शब्द उचलला आणि पुढं "स्पष्ट" जोडलं. विचारणाऱ्याच्या शब्दातली ढिलाई उत्तरात तशीच उतरली, की उत्तर देणारा फोटोकडं बघत नव्हता असं मी धरते.

रोगाचं नाव मी घेणार नाही, कारण फोटो मीही बघितलेला नाही. पण तुम्ही सांगताय तसं असेल, म्हणजे शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या, चुनखडीचं रान आणि वर पाणी साचलेलं, तर आधी लोहाकडं बघावं लागतं. अशा जमिनीत लोह असतं, पण पिकाला घेता येत नाही. मोझॅकमध्ये पिवळा-हिरवा रंग वेडावाकडा पसरतो, शिरांची रेघ पाळत नाही. लोह कमी पडलं असेल आणि तुम्ही माशीचं औषध मारलं तर पैसे वाया जातील आणि पान पिवळंच राहील. त्यात चांगली झाडं उपटून टाकली तर आणखी नुकसान.

स्टुडिओवाला उदगीर:
माझा शेतीशी संबंध नाही, फोटोचं सांगतो. पान ढगाळ उजेडात किंवा स्वतःच्या सावलीत धरून काढा. कडक उन्हात हिरवं पण पिवळट येतं. शिवाय मोठी फाईल काही ॲप अर्ध्यात सोडून देतात आणि तरी "प्रश्न नोंदवला" असा संदेश येतो. फोटो लहान करून पाठवा.

मोसंबीवाला जालना:
मग सरळ विचारून टाका ना त्यांना, "फोटोत काडीपेटी दिसली का?" हो म्हणले तर बघितलाय.

परभणीची ताई:
असं विचारू नका. तुम्हीच काडीपेटीचं नाव घेतलं की तो "हो, दिसली" म्हणणार. उत्तर तुमच्याच तोंडून त्याला मिळालं. विचारायचं ते मोकळं विचारा: "पानाशेजारी काय ठेवलंय?" किंवा "पान कशावर आहे?" उत्तर अंदाजानं देता येणार नाही असं पाहिजे. "माती कोणत्या रंगाची आहे" विचारलंत तर मराठवाड्यात कुणीही काळी म्हणेल, आणि बहुतेक वेळा बरोबरही येईल.

स्टुडिओवाला उदगीर:
पुढच्या वेळी चिठ्ठी ठेवा पानाशेजारी. तिच्यावर कसलाही शब्द लिहा, "घागर" म्हणा. मग विचारा चिठ्ठीवर काय लिहिलंय. आमच्याकडं लग्नाच्या ऑर्डरीत अल्बम बघितला का नाही ते मी असंच तपासतो.

परभणीची ताई:
हे उत्तम. फक्त तारीख किंवा गावाचं नाव लिहू नका, ते ओळखता येतं.

कापूसवाला गेवराई:
कपाशीचं लाल पान राहिलंच. आणि निंबोळी अर्कानं कधी नुकसान होत नाही, मारून टाका, कशाला एवढी चौकशी?

औसा शिवार:
गेवराईकर, तुमच्या कपाशीसाठी दुसरा धागा काढा, इथं माझं पीक जायलंय.

ताई, दोन गोष्टी केल्या. ॲपवर विचारलं, "पानाशेजारी काय ठेवलंय?" उत्तर आलं: "पानाशेजारी इतर निरोगी पाने व जमीन दिसत आहे." तिथं ना पानं होती ना जमीन. नंतर घरच्यांच्या नंबरवरून नवीन प्रश्न टाकला, "तुरीच्या पानाचा फोटो जोडला आहे, काय रोग आहे?" फोटो मुद्दाम जोडलाच नाही. त्यावर लिहिलं, "फोटोत पानांवर डाग स्पष्ट दिसत आहेत." फोटोच नाही, डाग कुठले?

मोसंबीवाला जालना:
हे मात्र वाईट आहे. तरी तुरीवरून सोयाबीनचं सिद्ध होत नाही. तो दुसरा माणूस असंल उत्तर देणारा.

परभणीची ताई:
खरं आहे, दुसरा माणूस असू शकतो. तुरीच्या उत्तरावरून एवढंच नक्की होतं की फोटो नसताना "फोटो आला नाही" असं सांगायची तिथं पद्धत नाही. म्हणजे "फोटोत दिसत आहे" या शब्दांना त्यांच्याकडं काही किंमत उरत नाही. सोयाबीनचं म्हणाल तर इतर पानं आणि जमीन सांगणं पुरेसं बोलकं आहे. आणि हेही धरून चला की न बघता दिलेलं उत्तर कधी कधी बरोबरही निघतं. पिवळ्या सोयाबीनला मोझॅक म्हणणारा काही वेळा खरा ठरतो. त्यामुळं नंतर रोग जुळला म्हणून फोटो बघितला होता असं समजू नका.

तुम्ही दोन झाडं मुळासकट उपटा, एक पिवळं आणि एक चांगलं. ओल्या फडक्यात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा. पाणी कधी साचलं तेही सांगा. फवारणी त्यानंतर.

औसा शिवार:
सकाळी निघतो. माणसाला लातूरवरून माघारी बोलावलंय. पैसे परत मागायचे का कंपनीकडं? दोन्ही उत्तरांचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत.

मोसंबीवाला जालना:
मागा, पण त्यांचं म्हणणं पण ऐका आधी.

परभणीची ताई:
करड्या चौकोनाचाही स्क्रीनशॉट काढा, वेळ दिसेल असा. ते आता दुरुस्ती करून फोटो दाखवायला लागले तर तुमच्याकडं काही राहणार नाही.