लेकीने फ्रीजवर पत्र चिकटवलंय: कॉलेजआधी केस रंगवू का?

सिडकोची आई:
मुलगी साडेसतरा वर्षांची. बारावी झाली, गंगापूर रोडच्या एका कॉलेजात प्रवेश मिळालाय. तिला विचारूनच तिचं पत्र इथे टाकतेय. हे म्हणतात, "तूच ठरव." तुम्ही काय केलं असतं?

"आई-बाबा, समोर बसून बोललं की पाचव्या मिनिटाला रडारड होते, म्हणून लिहितेय. मला केस बरगंडी करायचेत. सगळे नाही, कानामागच्या आतल्या बटा फक्त. वेणी घातली की दिसणार नाहीत, आजीला तर कळणारही नाही. वर्गातल्या सगळ्यांनी केलंय. अडीच हजार लागतील, ते मी शिकवणीच्या पैशांतून साठवलेत. रंग अमोनिया-फ्री आहे, त्यामुळे काही होत नाही. आई, तूही लावतेसच की! तू पांढरे लपवायला लावतेस, मी हौसेला लावणार. इतकी वर्षं शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी घातल्या. नव्या ठिकाणी मला कोणी ओळखत नाही. तिथे पहिल्या दिवशी मी कशी दिसावी, हे एकदा मला ठरवू द्या. नाही म्हणालात तर कारण सांगा, 'नाही म्हणजे नाही' एवढंच नको."

पंचवटीकर:
माझं मत 'नाही'. रंगाचं मला काही नाही, आमच्या सुनेचे केस तांबडे आहेत. मला ते "आजीला कळणारही नाही" खटकलं. परवानगी मागणाऱ्या पत्रातच लपवायचा बेत? उद्या दुसरं काही कानामागे लपेल.

फळा-खडू:
पंचवटीकर काका, निष्कर्ष नाही पटला, पण बोट बरोबर ठेवलंत. मी शाळेत वक्तृत्वाची तयारी करून घेते, तेव्हा हे पत्र त्या नजरेने वाचलं. "सगळ्यांनी केलंय" हे वाक्य मी आधी खोडलं असतं. ते ऐकलं की आई-बाप वर्गातली एक न रंगवलेली मुलगी शोधून आणतातच. "तूही लावतेसच की" याने आई गप्प होईल, पण तिचं मन वळेल असं नाही. खरं वाक्य लाल रिबिनीचं आहे. ते शेवटाकडे दडलंय, तिथून पत्र सुरू व्हायला हवं होतं. आणि बिघडलं तर काय, यावर एक अक्षर नाही. पालकांची भीती तिथेच असते. मी आई असते तर "हो" म्हणाले असते, पण हा परिच्छेद लिहून आणल्यावर.

माळीमळा:
एवढं रामायण कशाला? मेंदी लावा. बीट, जास्वंद घालून लोखंडी कढईत रात्रभर भिजवली की छान लालसर रंग येतो. केमिकल नाही, काही नाही.

कात्री-कंगवा:
पार्लर चालवते, चौदा वर्षं झाली. माळीमळा दादा, निव्वळ पाल्याची मेंदी असेल तर तुमचं बरोबर आहे. पण बाजारातल्या बऱ्याच पाकिटांवर नाव मेंदीचं असतं आणि आत दुसरंच काही असतं. 'काळी मेंदी' म्हणून विकतात त्यात बहुतेकदा पीपीडी असतो, म्हणजे केसांच्या काळ्या डायमध्ये असतो तोच पदार्थ.

ताई, मुलीने "अमोनिया-फ्री म्हणजे काही होत नाही" लिहिलंय ते चूक आहे. अमोनियाऐवजी दुसरा अल्कली पदार्थ घालतात, वास कमी येतो इतकंच. अॅलर्जी होते ती मुख्यतः पीपीडी आणि त्याच्या भावंडांमुळे, आणि ती अमोनिया-फ्री डब्यातही असू शकतात.

दुसरं, काळ्याभोर केसांवर बरगंडी नुसती लावली तर उन्हातच जाणवते. फोटोत दाखवतात तशी हवी असेल तर आधी ब्लीच करावं लागतं. म्हणजे ती मागतेय रंग, पण परवानगी लागणार आहे ब्लीचची. हे तिलाही कोणी सांगितलं नसणार.

म्हणून एकच विचारते. तिच्या केसांना आजवर काय काय लावलंय?

देवळाली कॅम्प:
मला काळ्या मेंदीनेच धडा शिकवला. भाचीच्या लग्नाआधी लावली, दुसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, तिसऱ्या दिवशी डोळे उघडेनात. लग्नाच्या सगळ्या फोटोंत गॉगल! त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता जन्मभर डाय नाही. त्याआधी चार वर्षं तीच पाकिटं लावत होते आणि काही झालं नव्हतं. पोरीला हात लावू देऊ नका.

सातपूर एमआयडीसी:
माझे पांढरे व्हायला लागलेत, वय 42. बरगंडी पुरुषांना चालेल का?

फळा-खडू:
दादा, तुम्हीही एक पत्र लिहून फ्रीजवर लावा.

सिडकोची आई:
कात्री-कंगवा ताई, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. केस दाट व्हावेत म्हणून नववीपासून मीच तिला मेंदी लावतेय, दर महिन्याला, किराणा दुकानातल्या सुट्या पुडीची. शेवटची मार्चमध्ये, परीक्षा संपल्यावर. पुडीवर काही लिहिलेलं नसतं.

कात्री-कंगवा:
मग आधी परीक्षा घ्या, निर्णय नंतर. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात. त्यावर ब्लीच पडलं की केस तापतात, कधी वाफ निघते आणि बट हातात येते. कंगव्यात आलेले दहा-पंधरा केस जवळच्या पार्लरमध्ये न्या. टोकांकडचे हवेत, जुनी मेंदी तिथेच साचलेली असते. काचेच्या पेल्यात 20 व्हॉल्यूमचं डेव्हलपर, म्हणजे सहा टक्के पेरॉक्साइड, त्यात अमोनियाचे काही थेंब, आणि केस अर्धा तास बुडवून ठेवायचे. पेला कोमट झाला, फेस आला किंवा केसांचा रंग विचित्र बदलला, तर ब्लीच विसरा.

अॅलर्जीची तपासणी वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका. जो रंग लावायचा तोच कानामागे थोडासा लावून 48 तास थांबायचं. खाज सुटली किंवा पुरळ आलं तर विषय संपला. देवळाली ताईंच्या अनुभवामुळे हेही सांगते: आज निभावलं म्हणजे पुढच्या वेळीही निभावेल असं नाही, प्रत्येक वेळी तपासायचं.

माळीमळा:
ताई, आमची मेंदी घरच्या झाडाची असते हो.

कात्री-कंगवा:
मग ती तुम्ही खुशाल लावा दादा.

सिडकोची आई:
जाऊन आलो. दहा मिनिटांत पेला कोमट आणि वर फेस. पार्लरवालीने स्वतःच हात जोडले. लेक घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "आई, माझ्या केसांवर चार वर्षं कोण काय लावत होतं, याची परवानगी मी कधी दिली होती?" मला उत्तर सुचलं नाही.

पंचवटीकर:
हे मात्र तिने खरं विचारलं. (मत बदललेलं नाही.)

फळा-खडू:
पत्रात नसलेला मुद्दा हाच होता.

लाल रिबीन:
मी ती मुलगी. आईच्या शेजारी बसून लिहितेय. कात्री-कंगवा मावशी, मेंदीवाले केस कापून टाकले तर? किती दिवसांनी नवे पुरेसे होतील?

कात्री-कंगवा:
केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. मार्चनंतरचे आत्ता जेमतेम दोन-तीन बोटं असतील. खांद्यापर्यंत कोरे केस हवे असतील तर दोन वर्षं धरून चाल, आणि तोवर ती पुडी बंद. नाहीतर मानेपर्यंत कापून घे, मग पुढच्या उन्हाळ्यात खालच्या कोऱ्या केसांवर विचार करता येईल. कॉलेजच्या पहिल्या दिवसासाठी रंगीत क्लिपच्या बटा मिळतात. पण तुला त्या नकोच असतील, माहितेय मला.

लाल रिबीन:
नकोच. आजीला मात्र सगळं सांगितलं. ती बॉबकटला रडतेय, बरगंडीला नाही.

देवळाली कॅम्प:
आणि बाबा काय म्हणाले?

सिडकोची आई:
"तूच ठरव." आता लेकीला म्हणतायत.