प्रतिसाद: डोकं हललं की वयही जास्त दिसतं

"वडील ७२ वर्षांचे आहेत. विश्रांतीतला एमआरआय काढला तर नुसतं वय झालंय की अल्झायमर, हे कळेल ना?"

या एमआरआयमध्ये माणूस काही न करता नुसता पडून असतो आणि मेंदूच्या कुठल्या भागांची हालचाल एकमेकांशी जुळते ते बघतात. एकट्या माणसाबाबत तेवढ्यावरून नाही कळत. डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणजे माणूस निवांत असताना एकत्र काम करणाऱ्या मेंदूच्या भागांचं जाळं. त्याचा मागचा भाग (पोस्टेरियर सिंग्युलेट) आणि कपाळामागचा भाग यांचा ताळमेळ वयानंही सैल होतो आणि अल्झायमरमध्येही, तिथे जरा जास्त. पण हा फरक गटांच्या सरासरीत दिसतो.

या प्रश्नाला आलेल्या उत्तरांत कुणी डोकं हलण्याबद्दल लिहिलेलं नाही. मी कोल्हापुरात एमआरआयवरच काम करतो, म्हणून सांगतो. गडहिंग्लज, आजऱ्याहून पहाटे निघून आलेले आजोबा मशीनमध्ये खोकतात, मान सावरतात, डुलकी घेतात. मिलिमीटरपेक्षाही कमी हालचालीनं लांबच्या भागांतला संबंध कमी आणि शेजारच्या भागांतला जास्त दिसतो. म्हणजे म्हातारपणासारखंच चित्र! २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे दाखवल्यावर आधीच्या बऱ्याच निष्कर्षांकडे पुन्हा बघावं लागलं.

समजा ८ मिनिटांत दर २ सेकंदाला एक, अशा २४० प्रतिमा घेतल्या. लागोपाठच्या दोन प्रतिमांत डोकं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलं तर ती प्रतिमा गाळतात. ९० गेल्या तर हातात ५ मिनिटंच उरतात, आणि तेवढ्यावर एका माणसाच्या ताळमेळाचा आकडा डळमळीत असतो. म्हणून असा अभ्यास वाचताना म्हातारे आणि तरुण सारखेच हलले होते का, हे मी आधी बघतो. वडिलांसाठी मात्र स्मृतीची चाचणी आणि साधा एमआरआय घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा.