मदत हवी आहे: नळ-टाकीचं उत्तर ६० येतंय, उत्तरसूचीत ५३ आहे

वर्कशीट_घाई
नमस्कार मंडळी. उद्या सकाळी बॅचला काळ-काम आणि नळ-टाकीची वर्कशीट वाटायची आहे, झेरॉक्सला आजच टाकायचीय. बाकी सगळी गणितं झाली, एकावर अडकलोय. अ नळ टाकी १२ तासांत भरतो, ब नळ १५ तासांत भरतो आणि क नळ भरलेली टाकी १० तासांत रिकामी करतो. टाकी किती तासांत भरेल? लसावि पद्धतीने ६० येतंय, सूचीत ५३ दिलंय. सूची चुकलीय का एवढंच सांगा. थिअरी नको, वेळ नाही.

तीस_सेकंद
सूचीही चुकली आणि तुम्हीही. १२, १५, १० चा लसावि ६०, म्हणजे टाकी ६० भागांची धरा. अ तासाला ५ भाग भरतो, ब ४ भरतो, क ६ काढतो. तासाला निव्वळ ३ भाग. ६० भागिले ३, उत्तर २० तास. अर्ध्या मिनिटाचं गणित आहे हो.

वर्कशीट_घाई
२० कसं येईल? नळ एकावेळी एकच चालू आहे, तासातासाने आळीपाळीने. म्हणून तर ३ तासांत ३ भाग, ६० भागांना २० फेऱ्या, ६० तास.

तीस_सेकंद
आळीपाळीने हे तुमच्या प्रश्नात कुठे लिहिलंय? मी काय मनातलं ओळखू? लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर २०च.

वर्कशीट_घाई
धड्याचं नावच "आळीपाळीने नळ" आहे. मला वाटलं कळेल.

गळकी_बादली
अशा गणितात गळतीचा वेग आधी काढायचा असतो. समजा नळ ८ तासांत टाकी भरतो, पण तळाला भोक असल्यामुळे १० तास लागतात. १/८ वजा १/१० म्हणजे १/४०, म्हणून गळती भरलेली टाकी ४० तासांत रिकामी करेल. हे पाठ करून ठेवा, हमखास विचारतात.

वर्कशीट_घाई
धन्यवाद, पण माझ्या गणितात भोक नाहीये.

जुना_फळा
दोन गोष्टी सांगा. सुरुवातीला टाकी पूर्ण रिकामी आहे का? आणि क्रम कोणता: अ, ब, क की अ, क, ब? क्रमाने उत्तर बदलतं.

वर्कशीट_घाई
रिकामीच. क्रम अ, मग ब, मग क, परत अ. पण सर, फेरीत ५ अधिक ४ वजा ६ करा नाहीतर ५ वजा ६ अधिक ४ करा, ३च येणार ना? क्रमाने काय फरक पडतो?

जुना_फळा
फेरीची बेरीज तीच राहते, पण टाकी फेरीच्या शेवटीच भरते असं कुणी सांगितलं? तुमच्या ६० तासांकडे नीट बघा. ६० वा तास कोणाचा आहे? कचा. म्हणजे रिकामी करणारा नळ चालू असताना टाकी काठोकाठ भरली असं तुमचं उत्तर म्हणतंय. त्या तासात तर पाणी खाली जातंय. टाकी भरण्याचा क्षण नेहमी भरणाऱ्या नळाच्याच तासात येतो. शेवटचा तास काढणाऱ्या नळाचा आला की उत्तर चूक, ही तपासणी आकडेमोड न करता होते.

आता तुमचं गणित. प्रत्येक फेरीत अ आणि ब मिळून पाणी ९ भाग वर चढवतात, मग क ६ खाली आणतो. शेवटच्या फेरीत कची पाळी येणारच नाही, म्हणून तो ९ चा चढ आधीच बाजूला ठेवायचा. ६० वजा ९ म्हणजे ५१. हे ५१ भाग दर फेरीला ३ या हिशोबाने भरायचे, म्हणजे १७ फेऱ्या, ५१ तास. मग ५२ व्या तासात अ ५१ चे ५६ करतो, ५३ व्या तासात ब ५६ चे ६०. टाकी भरली. सूची बरोबर आहे.

शॉर्टकट_सम्राट
एवढं फिरायची गरज नाही. सोपी ट्रिक: आलेल्या फेऱ्यांतून एक कमी करायची. २० च्या १९ फेऱ्या, ५७ तास, ५७ भाग. उरले ३ भाग, पुढचा नळ अ, तो तासाला ५ भरतो, म्हणून ३/५ तास. उत्तर ५७ तास ३६ मिनिटं. आमच्या क्लासमध्ये हीच पद्धत आहे. ५३ छापील चूक असणार.

जुना_फळा
मग ५३ व्या तासाला टाकीत किती पाणी होतं ते सांगा.

शॉर्टकट_सम्राट
फेरी पूर्ण झाल्यावर बघायचं असतं, मधे नाही.

जुना_फळा
पाणी आपल्या फेरीची वाट बघत नाही. तुमच्याच हिशोबाने १७ फेऱ्यांनंतर ५१ भाग आहेत. पुढच्या दोन तासांत ५ आणि ४ पडले की ६० झाले, प्रश्न तिथेच संपला. तुम्ही कला परत सोडून भरलेली टाकी ५४ वर आणता आणि पुन्हा भरायला लागता. एक फेरी कमी करणं ही दिशा ठीक आहे, पण किती फेऱ्या कमी करायच्या हे चढ ठरवतो. इथे तीन कमी झाल्या.

शॉर्टकट_सम्राट
परीक्षेत कोण एवढं बघत बसतो. माझी ट्रिक बऱ्याच गणितांत जुळते.

जुना_फळा
जिथे चढ फेरीच्या निव्वळ वाढीच्या दुपटीपेक्षा लहान असतो तिथे जुळते. इथे चढ ९ आणि वाढ ३.

मीनल_तयारी
माझंही असंच होतं. अ एक काम ९ दिवसांत करतो, ब १२ दिवसांत, एक दिवस हा, एक दिवस तो. पर्यायांत १०¼ आणि १०⅓ दोन्ही होते. मी सरळ भागाकार केला. लसावि ३६, दोघांचे दोन दिवसांत ७ भाग, ५ फेऱ्यांत ३५ भाग, उरला १. अ ने सुरुवात केली असेल तर पाव दिवस, ब ने केली असेल तर एक तृतीयांश. मग इथे चढ वगैरे का नाही काढायचा?

जुना_फळा
कारण तुमच्या गणितात काम उलटवणारा कोणी नाही ताई. दोघेही पुढेच नेतात, म्हणून फेरीचा शेवट हाच फेरीतला सगळ्यात उंच बिंदू असतो. तिथे सरळ भागाकार करून बाकी क्रमाने वाटली की झालं. कोणीतरी उणे असेल तेव्हाच उंच बिंदू फेरीच्या मधे येतो. वर्कशीटमध्ये ही दोन्ही गणितं शेजारी शेजारी ठेवा, मुलं बरोबर तिथेच गोंधळतात.

अपूर्णांकप्रेमी
लसावि हा सगळा खेळच पोरांना बिघडवतो. १/१२ आणि १/१५ सरळ मांडा. ५ भाग म्हणजे कशाचे भाग हे पोरांना कधीच कळत नाही.

तीस_सेकंद
१७ फेऱ्यांनंतर ५१/६० भरलंय हे अपूर्णांकात मांडाल तेव्हाही छेदात ६०च येणार. म्हणजे लसावि काढलाच की, फक्त उशिरा काढला.

अपूर्णांकप्रेमी
समजून काढला. फरक आहे.

वर्कशीट_घाई
भांडण नंतर करा हो. सर, ५१ ला ३ ने पूर्ण भाग गेला म्हणून सोपं झालं. नसता गेला तर? पुढच्या गणितात दोनच नळ आहेत. अ १२ तासांत भरतो, ब २० तासांत रिकामी करतो, अ आधी. ६० वजा ५ म्हणजे ५५, दोन तासांत वाढ २. साडेसत्तावीस फेऱ्या कशा घेऊ?

जुना_फळा
वरचा पूर्ण आकडा घ्यायचा, २८. २८ फेऱ्या म्हणजे ५६ तास आणि ५६ भाग. उरले ४, अ तासाला ५ भरतो, म्हणजे ४/५ तास, ४८ मिनिटं. उत्तर ५६ तास ४८ मिनिटं. खालचा आकडा २७ घेतलात तर ५४ भाग होतात, अ ते ५९ पर्यंत नेतो आणि एक भाग उरलेला असतानाच बची पाळी येते. अशी अडचण दिसली की समजा फेऱ्या कमी घेतल्या.

शॉर्टकट_सम्राट
माझ्या ट्रिकने ३० ची २९ फेऱ्या, ५८ तास, उरले २, म्हणजे २/५ तास. ५८ तास २४ मिनिटं.

मीनल_तयारी
५६ तासांनंतर ५६ भाग, त्यात अचे ५ पडले की टाकी ओसंडली ना? ५८ पर्यंत वाट का बघायची?

तिरकस_प्रश्न
मूळ गणितात क्रम अ, क, ब दिला तर काय? पहिल्या तासात अ ५ भाग भरणार. दुसऱ्या तासात क ६ काढणार, पण टाकीत आहेतच ५. उणे १ पाणी असतं का?

जुना_फळा
हा खरा मुद्दा आहे आणि बरेच गणित रचणारे तो विसरतात. क ५० मिनिटांत टाकी कोरडी करतो आणि उरलेली १० मिनिटं नुसता उघडा राहतो. मग ब ४ भरतो. म्हणजे पहिल्या फेरीनंतर ३ नाही, ४ भाग. दुसऱ्या फेरीत ९, ३, ७, तिसरीत १२, ६, १०. पुढे दर फेरीला ३ च वाढतात, पण तो एक भाग कायम जास्त राहतो. १८ फेऱ्यांनंतर ५५ भाग, मग अ चा एक तास, ६०. उत्तर ५५ तास.

तिरकस_प्रश्न
आणि उणे पाणी चालवून सूत्राने गेलं तर ६० वजा ५ म्हणजे ५५, भागिले ३, वरचा पूर्ण आकडा १९. ५७ तासांत ५७ भाग, पुढे ३/५ तास. ५७ तास ३६ मिनिटं. पर्यायांत दोन्ही असतील तर विद्यार्थ्याने कुठलं निवडायचं?

शॉर्टकट_सम्राट
बघा, आलं ना माझं ५७ तास ३६ मिनिटं!

तीस_सेकंद
ते दुसऱ्या गणिताचं आहे.

जुना_फळा
टाकीच्या दृष्टीने ५५ बरोबर. पण उत्तरसूची बनवणाऱ्याने सूत्र लावलं असेल तर तो ५७ तास ३६ मिनिटं देईल, आणि विद्यार्थ्याला ते आधी कळायचा मार्ग नाही. म्हणून गणित रचतानाच भरणारे नळ आधी ठेवावेत, नाहीतर सुरुवातीला टाकीत थोडं पाणी आहे असं द्यावं.

अपूर्णांकप्रेमी
किंवा लसावि काढू नये.

वर्कशीट_घाई
मी प्रश्नात "रिकामी टाकी, एकावेळी एकच नळ, अ, ब, क या क्रमाने प्रत्येकी एक तास" असं घातलं, उत्तर ५३. दुसऱ्याला ५६ तास ४८ मिनिटं. अ, क, ब वालं गणित वर्कशीटमध्ये नाही टाकत.

तिरकस_प्रश्न
टाका की. मजा येईल.

वर्कशीट_घाई
पालक मला फोन करतील. झेरॉक्सवाला आठला बंद करतो, निघतो.

गळकी_बादली
गळतीचं एक तरी गणित घातलंत ना?